'साठ हजार एमएएच' म्हणून गळ्यात मारलेला डबा

पावसाळ्यासाठी बॅटरी बॅकअप घेणार असाल तर आधी हे वाचा. माझे १३,५०० रुपये गेले.

आमच्या वेंगुर्ल्याकडे वारा सुटला की लाईट गेलीच. रात्रभर पंखा आणि एक बल्ब चालावा, एवढीच माझी गरज. दुकानात दोन वस्तू होत्या. एक १२.८ व्होल्टची ३० अँपिअर-अवर लिथियम बॅटरी, छोट्या इन्व्हर्टरसकट ११,८०० रुपयांना. दुसरा हा चकचकीत डबा. दुकानदार म्हणाला, "काका, ती तीस हजार एमएएच, हा साठ हजार. सरळ डबल!"

डब्याच्या पुढच्या बाजूला १२ व्होल्टचं सॉकेट होतं. मग आतली बॅटरीही १२ व्होल्टचीच असणार, असं कुणालाही वाटेल. खरी गोष्ट बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत होती: ३.७ व्होल्ट, २२२ वॉट-अवर. दुकानात डबा उलटा करून कोण बघतो? पण तो बिल फाडत होता तेव्हा डबा माझ्या हातातच होता, हे आठवलं की अजून डोकं फिरतं.

एमएएच म्हणजे टाकीत पाणी किती, आणि व्होल्ट म्हणजे टाकी किती उंचावर. काम किती होणार, ते दोन्ही मिळून ठरतं. म्हणून व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करायचं, की वॉट-अवर मिळतात. डब्याचे साठ हजार एमएएच म्हणजे ६० अँपिअर-अवर, आणि ६० गुणिले ३.७ म्हणजे २२२. त्या बॅटरीचे ३० गुणिले १२.८ म्हणजे ३८४! डब्यातली वीज १२ व्होल्टला चढवली की ते साठ अँपिअर-अवर साडेअठराच उरतात.

माझा पंखा २८ वॉटचा, बल्ब ९ वॉटचा. इन्व्हर्टरमध्ये साधारण १५ टक्के वाया जातं असं धरलं तर डबा पाच तास चालतो, आणि चाललाही तेवढाच. ती बॅटरी पावणेनऊ तास चालली असती.

ग्राहक तक्रारीच्या कार्यालयात गेलो तर तिथले साहेब म्हणतात, "साठ हजार लिहिलंय ते खरंच आहे ना?" अहो, आकडा खरा आहे, तुलना खोटी आहे! विमानात पॉवर बँक नेतानाची १०० ची मर्यादासुद्धा वॉट-अवरमध्येच असते, हेही सांगितलं. त्यांनी अर्जावर शिक्का मारला आणि पोलीस ठाण्यात जा म्हणाले. ठाण्यात सांगितलं, हा ग्राहकाचा विषय, तिकडे जा. पुन्हा तिकडे गेलो तर साहेब मीटिंगला. दुकानदाराला कुणी साधा फोनही केला नाही.

फोन-फोनची तुलना एमएएचवर चालते, कारण व्होल्टेज जवळपास सारखंच असतं. व्होल्टेज वेगळं असेल तर वॉट-अवरच विचारा आणि बिलावर लिहून घ्या. डब्यावर वॉट-अवर कुठेच नसेल तर घेऊच नका. सॉकेटवरचा व्होल्ट धरू नका, आतल्या सेलचा विचारा.

त्या दुकानाबाहेर 'डबल बॅकअप'चा फलक अजून आहे. गणपतीला येणारे चाकरमानी गावच्या घरासाठी हाच डबा उचलतील. तुमचं कुणी येणार असेल तर त्यांना आत्ताच कळवा.