गणवेशाला सुती, लिनन की टेरीकॉट?

वहिनी, शाळेने रंग ठरवून दिलाय, कापड आपल्यावर सोडलंय, तर लिनन आधी बाजूला ठेवा. घाम छान शोषतं, पण महाग, आणि बाकावर बसताच चुरगळतं.

सुती कापड घाम टिपतं, घामोळं कमी येतं. पण मुंबईच्या पावसाळ्यात रात्री धुतलेला शर्ट सकाळी कॉलरला आणि काखेच्या शिवणीत ओलाच लागतो. टेरीकॉट पंख्याखाली रात्रीत वाळतं, इस्त्री कमी मागतं, जास्त टिकतं. मात्र त्यात पॉलिएस्टर ६५ टक्क्यांच्या आसपास असलं की घाम अंगावरच राहतो आणि काखेतला वास धुऊनही रेंगाळतो.

दुकानदार ‘प्युअर कॉटन’ म्हणाला तरी कापडाचा धागा जाळून बघा. भुरभुरीत राख म्हणजे सुती, कडक मणी झाला तर पॉलिएस्टर आहेच.

घामोळं येणाऱ्या मुलाला सुती शर्ट, पण तीन जोड हवेत. दोनच परवडत असतील तर निम्मं सूत असलेलं मिश्रण. पँटला टेरीकॉटच.