श्रीनिवासांची व्याख्या: अवतरण द्यावे की स्वतःच्या शब्दांत मांडावी?

मुंबईत समाजशास्त्राचा टर्म पेपर मराठीतून लिहिणाऱ्यांचे बहुतेक स्रोत इंग्रजी असतात, आणि घोळ तिथेच होतो. भाषा बदलली की मजकूर आपला झाला, असे वाटू लागते. उदाहरणादाखल एम. एन. श्रीनिवास यांची १९६६ची संस्कृतीकरणाची व्याख्या घेऊ.

‘ज्या प्रक्रियेत एखादी खालची हिंदू जात, जमात किंवा अन्य समूह आपले रिवाज, विधी, विचारसरणी आणि जीवनपद्धती उच्च, बहुधा द्विज, जातीच्या दिशेने बदलतो, ती प्रक्रिया म्हणजे संस्कृतीकरण.’ एवढे लिहून पुढे (श्रीनिवास १९६६:६) टाकले, पण अवतरणचिन्हे दिली नाहीत, तर संदर्भ असूनही ते वाङ्मयचौर्यच. वाक्याचा सांगाडा आणि यादीचा क्रम श्रीनिवासांचाच आहे. साम्य शोधणाऱ्या सॉफ्टवेअरला भाषांतर कदाचित सापडणार नाही, पण मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात वर्षानुवर्षे ही व्याख्या शिकवणाऱ्यांना क्रमावरूनच कळते. उपाय सोपा आहे: अवतरणचिन्हे घाला आणि कंसात ‘अनुवाद माझा’ लिहा.

आता स्वतःच्या शब्दांतली मांडणी: ‘जातींच्या उतरंडीत वर सरकू पाहणारे समूह वरच्या जातींचे आचार-विचार उचलतात, असे श्रीनिवास म्हणतात. अनुकरणासाठी निवडलेली जात बहुधा द्विज असते, पण तसे असलेच पाहिजे असे नाही (१९६६:६).’ इथे रचना नवी आहे, तरी संदर्भ लागतोच, कारण कल्पना त्यांची आहे. वाक्याच्या सुरुवातीचे नाव आणि शेवटचा कंस यांमुळे त्यांचे म्हणणे कुठे सुरू झाले आणि कुठे संपले, हेही दिसते. पाच वाक्यांच्या परिच्छेदाला शेवटी एकच कंस जोडला की तुमचे भाष्यही त्यांच्या नावावर जाते.

अशी मांडणी करताना पान वाचून पुस्तक मिटावे, मग लिहावे आणि शेवटी मुळाशी ताडून पाहावे. ताडताना शब्दांपेक्षा मर्यादा तपासा. ‘बहुधा’ गळाले की व्याख्या ‘द्विजांचे अनुकरण’ एवढीच उरते. मग एखादा समूह गावातल्या प्रभुत्वशाली शेतकरी जातीचे अनुकरण करतो, ते उदाहरण तिच्यात बसत नाही. अशा चुकीच्या सारांशाला बिनचूक पृष्ठक्रमांकही वाचवत नाही.

म्हणून ज्या व्याख्येतल्या एकेका शब्दावर तुमचा वाद उभा आहे, तिचे अवतरण एकदाच द्या. या प्रक्रियेत समूहाचे स्थान बदलते, पण व्यवस्थेची रचना बदलत नाही, यासारखा युक्तिवाद मात्र स्वतःच्या शब्दांत मांडलेला बरा. तिथे अवतरणांची रांग लावली तर तुम्हाला तो समजला की नाही, हेच परीक्षकाला कळत नाही.

आणि व्याख्या छापील नोट्समध्येच वाचली असेल, तर १९६६चे पान थेट देऊ नका. ‘श्रीनिवास १९६६, उद्धृत’ लिहून पुढे नोट्सच्या लेखकाचे नाव, वर्ष आणि पान द्या. नोट्समध्ये पान चुकले असेल, तर तुम्ही मूळ ग्रंथ उघडलाच नव्हता हे त्या चुकीवरूनच उघड होते.