मेलाटोनिन, तगर आणि रात्रीचा ग्लास: काही महिन्यांच्या वापरानंतर

मी अंबड एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. शिफ्ट फिरती असते, त्यामुळे नाइट संपवून जनरलवर आले की पहिले तीन-चार दिवस झोपेचे हाल ठरलेले. पावसाळ्यापासून मी दोन गोष्टी वापरतेय: शरीरात रात्री तयार होणाऱ्या मेलाटोनिन या झोपेच्या संप्रेरकाची ३ मिलिग्रॅमची गोळी आणि तगराच्या अर्काची ५०० मिलिग्रॅमची कॅप्सूल. ही कॅप्सूल परदेशी व्हॅलेरियनची आहे. आपल्याकडचं तगर हे त्याच वंशातलं हिमालयातलं झाड, आणि दुकानात दोन्हींना तगरच म्हणतात.

आधी गुण सांगते. मेलाटोनिनने थोडी गुंगी येऊ शकते, पण त्याचं मुख्य काम झोपेची वेळ पुढे-मागे सरकवणं. नाइटनंतर मी ती झोपायच्या तासभर आधी घेते आणि दोन-तीन रात्रींत गाडी रुळावर येते. शिफ्ट बदललेली नसताना घेतली तर मला काहीच फरक जाणवत नाही. तगराचं उलट आहे. पहिल्या आठवड्यात काही कळलं नाही, तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास अंग सैल पडून झोप लागायला लागली. बाटली उघडली की ओल्या मोज्यांचा वास येतो. तो आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिडचा असतो, त्यामुळे माल खराब आहे असं समजू नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते. आपल्या नाशकात गंगापूर रोडला पाहुणे आले की वाईन आलीच, आणि शनिवारी रात्री व्हिस्कीही निघते. त्यावर ही गोळी घेतली तर झोप दुप्पट चांगली लागेल का, हा प्रश्न मला घरात आणि कामावर सारखा विचारला जातो. माझं उत्तर असं आहे की गुंगीची बेरीज होते, झोपेची होत नाही.

तगराचं कारण सरळ आहे. मेंदूला शांत करणारं गाबा नावाचं रसायन ज्या रिसेप्टरवर काम करतं, त्याच रिसेप्टरवर दारूही काम करते आणि तगरातलं व्हॅलेरेनिक अ‍ॅसिडही. एकाच दारावर दोघांनी धक्का दिल्यासारखं होतं. पाय लटपटतात, प्रतिक्रिया मंदावते, सकाळी डोकं जड राहतं.

मेलाटोनिनचं गणित वेगळं. संध्याकाळी घेतलेली दारू शरीराचं स्वतःचं मेलाटोनिनच कमी करते. तरुणांच्या लाळेतलं मेलाटोनिन मोजलेल्या एका अभ्यासात ही घट पंधरा ते वीस टक्क्यांच्या घरात होती. म्हणजे एका हाताने गोळी घ्यायची आणि दुसऱ्या हाताने तिचं काम बिघडवायचं. युरोपात डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या सर्काडिन या मेलाटोनिनच्या गोळीच्या माहितीपत्रकात दारू टाळायला सांगितलंय, आणि कारण दिलंय ते दारूने गोळीचा झोपेवरचा परिणाम कमी होतो हे.

आमच्या घरचंच उदाहरण देते. दिवाळीनंतरच्या एका शनिवारी धाकटे दीर आले होते. नऊ ते साडेदहा या वेळात त्यांनी व्हिस्कीचे दोन लार्ज घेतले आणि झोप येत नाही म्हणून माझ्या तगराच्या दोन कॅप्सूल आणि एक मेलाटोनिन मागितली. मी म्हटलं, "भाऊजी, आज नको." तर म्हणाले, "वहिनी, झाडाचं मूळ आहे ते, त्याने काय होणार?" आणि माझं लक्ष नसताना घेतली.

काय झालं ते आकड्यांत बघा. ६० मिलिचा लार्ज, ४२.८ टक्के दारू, म्हणजे साधारण २० ग्रॅम अल्कोहोल. दोन लार्ज म्हणजे ४० ग्रॅम. यकृत तासाला सात ते दहा ग्रॅमच काढतं, म्हणजे सगळी उतरायला चार ते सहा तास. कॅप्सूल पावणेअकराला घेतल्या. मेलाटोनिन रक्तात तासाभरात टोकाला जातं, तगर एक ते दोन तासांत. दारूही तेव्हा चांगलीच चढलेली. म्हणजे बाराच्या आसपास तिन्ही एकाच वेळी जोरात. सव्वाबाराला भाऊजी बाथरूमला उठले आणि दाराची चौकट धरूनच उभे राहिले, पाऊल टाकता येईना. ह्यांनी धरून नेलं. पुन्हा पडल्यावर घोरणं एवढं वाढलं की मी तासभर श्वासाकडे लक्ष ठेवून बसले.

पण तीन वाजता ते टक्क जागे! तोंड कोरडं, छातीत धडधड. मेलाटोनिन आणि तगर दोन्ही तासाभरात निम्मी होतात, त्यामुळे तोपर्यंत जवळपास संपलेली होती. दारूही उतरत आली होती, आणि ती उतरताना दाबलेला मेंदू उसळी मारतो, म्हणून पहाटेची झोप तुटते. गोळ्यांचा आधार हवा होता तेव्हा त्या उरल्याच नव्हत्या, आणि नको होता तेव्हा सगळं एकदम आलं. आणखी एक गोळी घेऊ का, असं त्यांनी विचारलं, तेव्हा मी बाटली कपाटात कुलूप लावून ठेवली.

अशा रात्री काय बघायचं ते नीट लक्षात ठेवा. हाक मारून, खांदा हलवून माणूस उठत असेल तर त्याला कुशीवर झोपवा आणि जवळ कोणीतरी राहा. उठतच नसेल, मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल किंवा ओठ निळसर दिसत असतील, तर सकाळची वाट न बघता १०८ ला फोन करा. आधीच घोरणारा, झोपेत श्वास अडकणारा माणूस असेल किंवा क्लोनाझेपाम, अल्प्राझोलामसारखी मन शांत करणारी गोळी चालू असेल, तर धोका फार वाढतो. सर्दीची सेट्रिझिनही त्या बेरजेत मोजा.

माझी स्वतःची पद्धत अशी. पिण्याच्या रात्री तगर अजिबात नाही. जेवणासोबत साडेसातला वाईनचा एकच ग्लास झाला आणि झोप अकरा-साडेअकराला असेल तर मेलाटोनिन घेते, कारण १५० मिलि वाईनमध्ये पंधरा ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असतं आणि तेवढ्या वेळात ते निघून जातं. त्याहून जास्त झालं तर ती रात्र गोळीशिवाय, आणि दुसऱ्या दिवशी नेहमीचाच डोस, दुप्पट नाही.

मेलाटोनिनच्या चघळायच्या गोड गमीबद्दलही सांगते, कारण सिडकोतल्या मेडिकलमध्ये मला आधी त्याच दाखवल्या. २०२३ मध्ये अमेरिकेत मेलाटोनिनच्या २५ गमी तपासल्या, त्यातल्या २२ मध्ये लेबलवर लिहिलेलं आणि आत असलेलं जुळत नव्हतं. किती मेलाटोनिन पोटात जातंय हेच नक्की नसेल तर दारूबरोबरचं कुठलंच गणित बसत नाही. म्हणून मी साधी गोळी घेते.

शेवटचं, जे फार जणांच्या लक्षात येत नाही. अश्वगंधारिष्टासारख्या अरिष्टांत आणि आसवांत आंबवल्यामुळे स्वतःचं अल्कोहोल असतं, लेबलवर बारीक अक्षरात लिहिलेलंही असतं. व्हॅलेरियनचं होमिओपॅथिक मदर टिंक्चर तर अल्कोहोलमध्येच बनतं. वीस मिलि अरिष्टातून एक-दीड ग्रॅमच जातं, इतरांना त्याने फरक पडत नाही. पण दारू सोडण्यासाठी घरात कोणाला डायसल्फिराम चालू असेल तर एवढ्यानेही चेहरा लाल होणं, उलट्या, धडधड सुरू होऊ शकते. त्यांच्या झोपेसाठी अरिष्ट किंवा टिंक्चर आणू नका, आणि गोळीच हवी असेल तर ती त्यांच्या डॉक्टरांना दाखवूनच द्या.