गरोदरपण धरून १५ महिने वापरलेलं स्मार्टवॉच: नाडी बरोबर मोजतं, पण 'सामान्य' म्हणतं तेव्हा विश्वास ठेवू नका

हे घड्याळ घेतलं तेव्हा गरोदरपण डोक्यातही नव्हतं. पाच महिने नुसतं वापरलं, मग पूर्ण नऊ महिने, आणि आता बाळ पाच आठवड्यांचं आहे. बॅटरी, स्क्रीन, पट्टा याबद्दल बाकीच्यांनी भरपूर लिहिलंय, ते पुन्हा सांगत नाही. मला फक्त हृदयाच्या ठोक्यांबद्दल लिहायचंय. या घड्याळातली एक खोट इतकी महत्त्वाची आहे, की तिच्यापुढे बाकीचं चांगलं-वाईट मला गौण वाटतं.

सुरुवात भांडणाने झाली. माझा रेस्टिंग हार्ट रेट कायम ६४ च्या आसपास असायचा. एका आठवड्यात तो ६८ झाला, मग ७०, ७१. झोप नीट, ताप नाही, व्यायाम नेहमीचाच. अ‍ॅप रोज सकाळी सांगायचं, 'शरीराला विश्रांतीची गरज आहे.' सेन्सर बिघडला असं मी ठरवून टाकलं आणि वॉरंटी संपायच्या आत बदलून मिळावं म्हणून सर्व्हिस सेंटरला गेले. त्यांनी काच पुसली, सॉफ्टवेअर अपडेट केलं आणि 'सेन्सर ठीक आहे, तुम्ही टेन्शन घेताय' असं सांगून परत पाठवलं. मी चिडून तक्रार नोंदवली, दोन तारे दिले. चार दिवसांनी चाचणी पॉझिटिव्ह आली. घड्याळ बरोबर होतं. ते दोन तारे मी त्याच दिवशी काढले. टेन्शनचं निदान करणाऱ्या माणसाबद्दलचा राग मात्र अजून आहे.

ठोके इतक्या लवकर वाढतात हे मला माहीत नव्हतं. डॉक्टरांनी समजावलं तेव्हा कळलं. गरोदरपणाच्या पहिल्या काही आठवड्यांतच रक्तवाहिन्या सैलावतात. सैलावलेल्या वाहिन्यांमध्ये रक्तदाब टिकवायचा तर हृदयाला जास्त रक्त ढकलावं लागतं. पुढे शरीरातलं रक्तच जवळपास ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. त्यामुळे ठोके पहिल्या तिमाहीत चढायला लागतात, दुसरीत हळूहळू वर जातात आणि तिसरीत, साधारण ३४ व्या आठवड्याच्या सुमारास, सगळ्यात जास्त असतात. एकूण वाढ बहुतेकींची १० ते २० ठोक्यांची. दवाखान्यात बसून मोजलेल्या नाडीचं सांगायचं, तर बाराव्या आठवड्यात मधला आकडा ८२ च्या आसपास असतो आणि चौतिसाव्यात ९१ च्या. तेव्हा निरोगी बाईची नाडीही शंभरीपार दिसू शकते. म्हणून शेवटच्या तिमाहीत एकदा १०२ दिसलं म्हणून घाबरायचं नाही.

माझं सगळं या चाकोरीतच चाललं होतं. बाराव्या आठवड्यात ७४, विसाव्यात ७७, अठ्ठाविसाव्यात ८२. हे घड्याळाचे आकडे. घड्याळ झोपेतले आणि अगदी शांत असतानाचे ठोके धरतं, त्यामुळे त्याचा आकडा बसून बोटांनी मोजलेल्या नाडीपेक्षा कमी येतो. मी बसून मोजायचे तेव्हा ९० भरायचे. हे दोन आकडे एकमेकांत मिसळले की उगाच घबराट होते किंवा उगाच निर्धास्तपणा येतो. डॉक्टर ज्या मर्यादा सांगतात त्या बसून मोजलेल्या नाडीच्या असतात. घड्याळाचा रेस्टिंग आकडा फक्त स्वतःच्याच मागच्या आकड्यांशी ताडून बघायचा.

आता ती खोट. अठ्ठाविसाव्या आठवड्यानंतर माझे आकडे असे होते: ८२, मग ८४, मग ८८, मग ९३. आधीच्या २८ आठवड्यांत मिळून १८ ठोके वाढले होते, इथे तीन आठवड्यांत ११. त्याच काळात घरचा जिना चढताना मी मधल्या वळणावर थांबायला लागले. कठड्याला धरून उभी राहायचे आणि घड्याळात बघायचे. वर पोचल्यावर १३८. आधी नाडी तीन मिनिटांत शंभराच्या खाली यायची, आता आठ मिनिटं लागायची. आणि अ‍ॅप? रोज हिरव्या अक्षरांत 'सामान्य'.

असं का, ते मी कागद-पेन घेऊन बसले तेव्हा उलगडलं. अ‍ॅप आजचा आकडा मागच्या चार आठवड्यांच्या सरासरीशी ताडतं आणि साधारण १० ठोक्यांचा फरक पडला तरच इशारा देतं. ८२, ८४, ८८ आणि ९३ यांची सरासरी पावणेसत्याऐंशी. ९३ त्यापेक्षा फक्त सहाने जास्त. म्हणजे ठोके रोज थोडे वाढले, की 'नेहमीचं' म्हणजे काय तेही त्यांच्याबरोबर वर सरकतं. एका रात्रीत चढणारा ताप या हिशोबात लगेच सापडतो. हळूहळू चढणारी गोष्ट त्यात विरघळून जाते. दुसरा इशारा, शांत बसलेलं असताना १० मिनिटं १२० च्या वर गेल्यावर वाजणारा, माझ्याकडे एकदाही वाजला नाही, कारण मी १२० ला पोचलेच नव्हते.

त्या संध्याकाळी मी पंधरा मिनिटं शांत बसले आणि मनगटावर बोटं ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजली. ११२. थोड्या वेळाने पुन्हा, ११०. फोन केला तेव्हा डॉक्टरांनी पहिल्यांदा विचारलं, 'छातीत दुखतंय का? आडवं झाल्यावर दम लागतो का? चक्कर आली का? बाळाची हालचाल नेहमीसारखी आहे का?' पहिल्या तिन्हीला नाही, चौथ्याला हो. मग म्हणाल्या, 'सकाळी पहिल्यांदा इकडेच या, तपासण्या करू. रात्रीत दम वाढला तर सकाळची वाट बघू नका.'

ईसीजी नीट आला, ऑक्सिजन ९८, थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन ८.१. सुरुवातीला ते ११.४ होतं. गरोदरपणात रक्तातला द्रव भाग तांबड्या पेशींपेक्षा जास्त वाढतो, त्यामुळे ते थोडं उतरणं अपेक्षितच असतं, पण तिसऱ्या तिमाहीत ११ च्या खाली गेलं तर तो अ‍ॅनिमियाच. प्रत्येक ठोक्याबरोबर जाणाऱ्या रक्तात ऑक्सिजन वाहून नेणारा माल कमी, म्हणून हृदय फेऱ्या वाढवतं. शिरेतून लोह दिलं. चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन १०.२ झालं आणि घड्याळातला आकडा ९३ वरून ८५ वर आला. तो उतरता आलेख मात्र घड्याळाने सुंदर दाखवला, रोज सकाळी बघून बरं वाटायचं.

म्हणूनच माझं मत पुन्हा बदललं. सेन्सरला पूर्ण गुण. त्या क्षणी घड्याळात दिसणारा आकडा बोटांनी मोजलेल्या नाडीशी मी किमान तीस वेळा ताडून पाहिला, बसलेली असताना दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त फरक कधी आला नाही. चालताना मात्र ते कधीकधी पावलांची लयच ठोके म्हणून मोजतं. आणि शेवटी मनगट सुजलं तेव्हा पट्टा सैल केला, तर भलतेच आकडे यायला लागले. संशय आला की थांबून, बसून, बोटांनी मोजायचं. कमी गुण देतेय ते आकड्याचा अर्थ लावणाऱ्या अ‍ॅपला. गरोदर असल्याची नोंद करायची सोय त्यात आहे, पण ती नोंद ठोक्यांच्या हिशोबात कुठेच धरली जात नाही. कंपनीला हे तीनदा कळवलं, तिन्ही वेळा तेच छापील उत्तर आलं.

तेव्हापासून मी एक साधी गोष्ट करते. दर रविवारी रेस्टिंग आकडा वहीत लिहायचा आणि कालच्या आकड्याशी न ताडता चार आठवड्यांपूर्वीच्या रविवारशी ताडायचा. जे अ‍ॅप लपवतं ते इथे लगेच दिसतं.

फोन कधी करायचा, ते डॉक्टरांनी मला असं सांगितलं. पंधरा मिनिटं बसून मोजलेली नाडी पुन्हा पुन्हा १०० च्या वर, पण बाकी काहीच त्रास नाही, तर एक-दोन दिवसांत कळवायचं. ११० च्या वर टिकून राहिली तर त्याच दिवशी फोन. १२० किंवा जास्त राहिली तर लगेच, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात. ५० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल तरीही लगेच. पण यातला कुठलाही आकडा नसला तरी छातीत दुखणं, बेशुद्ध पडणं, नुसतं बसून किंवा आडवं झाल्यावर दम लागणं, रक्तस्राव, एकाच पायाला दुखरी सूज, यातलं काही झालं तर मोजत बसायचं नाही, थेट हॉस्पिटल. ताप आला किंवा बाळाची हालचाल कमी वाटली, तर नाडी ८० असली तरी फोन करायचाच.

एक प्रकार वेगळा ओळखता यायला हवा. जिना चढून किंवा घाबरून वाढलेले ठोके हळूहळू चढतात आणि हळूहळूच उतरतात. पण बसल्या जागी बटण दाबल्यासारखे एकदम १६०-१८० झाले आणि तसेच एकदम थांबले, तर तो हृदयाच्या लयीचा बिघाड असू शकतो. तेव्हा सुरू झाल्याची वेळ बघून ठेवायची, घड्याळात ईसीजीची सोय असेल तर तेवढ्यात काढून ठेवायचा आणि लगेच निघायचं. असे ठोके आपोआप थांबले तरी डॉक्टरांना त्याच दिवशी सांगायचं.

आणि शेवटच्या महिन्यांत पाठीवर सरळ झोपल्यावर ठोके वाढून गरगरलं, तर आधी कुशीवर वळा. गर्भाशयाचं वजन पोटातल्या मोठ्या शिरेवर येतं, हृदयाकडे परतणारं रक्त कमी पडतं. माझं चौतिसाव्या आठवड्यात असं दोनदा झालं. घड्याळात १०८ दिसत होतं, डाव्या कुशीवर वळल्यावर दोन मिनिटांत ९०. कुशीवर वळूनही उतरलं नसतं, तर फोन केला असता.

बाळंतपणानंतर घड्याळ कपाटात टाकायचा विचार होता. डॉक्टरांनी थांबवलं. हृदयाचा स्नायू दुबळा पडण्याचा एक आजार गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यात किंवा बाळंतपणानंतरच्या पहिल्या पाच महिन्यांत होऊ शकतो, आणि त्यातला दम-थकवा जागरणाच्या नावावर सहज खपून जातो. या काळात ठोके आठवड्यागणिक खाली यायला हवेत. माझे पाच आठवड्यांत ८८ वरून ७१ वर आलेत. रविवारची वही अजून चालू आहे.