पत्रकात अख्खी गोष्ट छापायची की अर्धीच?
आमच्या बेळगावच्या ग्रुपचं दोन अंकी नाटक, पत्रक म्हणजे मध्ये दुमडलेला ए-फोर, सारांशाला एकच पान, आणि त्यावरून दोन तास वाद बघा. मी आधी अख्खी गोष्ट लिहिली, शेवटी धाकट्या भावानंच खोटी सही केलेली असते तीसुद्धा. खानापूरच्या एका काकूंनी ते वाचून तालीम बघितली तर पहिल्या प्रवेशापासूनच धाकट्याकडं संशयानं बघत बसल्या, म्हणजे सहीचा प्रवेश मेलाच की!

मग दुसरा मसुदा पहिल्या अंकातच तोडला: वडिलांच्या बाराव्याला कागद सापडतो, सही त्यांची, तारीख मात्र ते दवाखान्यात बेशुद्ध होते त्या दिवसाची. बस्स, तिथंच थांबलो.

जुन्या संगीत नाटकाला मी अख्खीच गोष्ट देईन, 'शारदा' 1899 सालचं, शेवट बहुतेकांना ठाऊक, तिथं लोकांना पदांचा क्रम हवा असतो. कन्नड प्रेक्षकांना अर्ध्या गोष्टीत नाती कळत नव्हती, म्हणून पात्रयादीत नावापुढं 'थोरला भाऊ', 'त्याची सून' असं कन्नडातही टाकलं. आणि हो, दिग्दर्शकाच्या मनोगतात 'हे नाटक भावाच्या विश्वासघाताचं' असं होतं, ते शेवटच्या प्रुफात खोडलं, नाहीतर सगळं फुटलंच असतं.