फवारणी मागणारं पत्र की दुरुस्ती मागणारं?

एकाच तक्रारीची दोन पत्रं मी घरमालकांना लिहिली, चार महिन्यांच्या अंतराने. पहिलं सहा ओळींचं आणि तापलेलं, दुसरं पानभर आणि बरंच शांत. घरात झुरळं आणि उंदीर पुन्हा पुन्हा येत असतील आणि आता लेखी कळवायचंच असं तुम्ही ठरवलं असेल, तर यांतलं कुठलं पत्र लिहायचं हे आधी ठरवा.

पहिल्या पत्राचा गाभा असा होता:

"काका, स. न. स्वयंपाकघरात झुरळांचा सुळसुळाट झाला आहे आणि रात्री उंदीर फिरतात. आम्ही अगदी हैराण झालो आहोत. कृपया ताबडतोब पेस्ट कंट्रोल करून द्यावे."

काकांनी आठवड्याच्या आत माणूस पाठवला, फवारणी झाली. म्हणजे मागितलं ते मिळालं, दोष त्यांना देता येत नाही. पंधरा-वीस दिवस घर शांत होतं. चौथ्या आठवड्यात ओट्याखालच्या कपाटात मुंगीपेक्षा जेमतेम मोठी, काळपट पिल्लं दिसू लागली. उंदीर तर मधल्या काळातही थांबले नव्हते, कारण झुरळांच्या फवारणीचा त्यांच्याशी काही संबंधच नसतो.

हे असं का होतं ते कळलं, की दुसरं पत्र आपोआप सुचतं. स्वयंपाकघरातलं छोटं झुरळ, ज्याच्या मानेमागे दोन गडद पट्टे असतात, त्याची मादी अंड्यांचा कोष पोटाला चिकटवून हिंडते. एका कोषात तीस-चाळीस अंडी असतात आणि फवारणीचं औषध कोषाच्या आत फारसं पोचत नाही. म्हणून एकाच फवारणीनंतर काही आठवड्यांनी नवी पिढी हजर होते. दुसरीकडे, न्हाणीघरात दिसणारं मोठं, तांबूस झुरळ बहुतेक वेळा घरात वाढलेलंच नसतं, ते गटाराच्या वाटेने येतं. घरात कितीही औषध मारा, मोरीची जाळी तुटकी असेल तर उद्या दुसरं येईल. उंदराचंही तसंच. छोट्या उंदराला सहा मिलिमीटरची फट पुरते, साधी पेन्सिल जाईल एवढी. पहिलं पत्र प्राणी मारायला सांगत होतं. त्यांच्या वाटेबद्दल त्यात अवाक्षर नव्हतं.

दुसऱ्या पत्राआधी मी दहा दिवस फक्त नोंदी केल्या. ओट्याखाली, फ्रिजमागे आणि न्हाणीघराच्या दाराशी भिंतीला लागून एकेक चिकट सापळा ठेवला आणि त्यावर तारीख घातली. ओट्याखालच्या सापळ्यात अकरा झुरळं सापडली, त्यांतली आठ पिल्लं. न्हाणीघरात दोनच, पण मोठी. पिल्लं जास्त असणं म्हणजे पैदास जवळच कुठेतरी चालू आहे, आणि आमच्याकडे सिंकखालचा पाइप ठिबकत असल्यामुळे तिथली प्लायवूडची पाठ कायम ओली असायची.

उंदरांसाठी त्याहून सोपी युक्ती आहे. सिंकचा पाइप भिंतीत शिरतो तिथल्या भोकात कागदाचा बोळा कोंबला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो बाहेर पडलेला होता. आणखी एका भोकात, खिडकीजवळच्या जुन्या केबलच्या, बोळा आठवडाभर जसाच्या तसा राहिला, म्हणून ते यादीत शेवटी गेलं. लेंड्याही बघाव्यात: ताज्या काळ्या आणि ओलसर चमकदार असतात, जुन्या राखाडी पडून चुरा होतात. जुन्या साफ करा आणि नव्या कुठे पडतात ते टिपा. मात्र कोरड्या झाडूने धूळ उडवू नका. जंतुनाशक शिंपडा, थोडा वेळ थांबा, मग हातमोजे घालून पुसून घ्या.

आता दुसऱ्या पत्राचा भाग:

"काका, स. न. मागच्या फवारणीनंतर चौथ्या आठवड्यात झुरळं पुन्हा आली आहेत, उंदीर अजून येतात. सोबत तारखांसह नोंदी आणि फोटो जोडले आहेत. पुढील कामे करून द्यावीत ही विनंती: १) सिंकखालची गळती थांबवून ओली झालेली प्लायवूडची पाठ बदलणे. २) त्याच पाइपभोवतीचे भोक धातूची जाळी ठासून सिमेंटने बंद करणे. ३) न्हाणीघराच्या मोरीला नवी घट्ट जाळी. ४) मागच्या दाराखालची फट बंद करणे. ५) ही कामे झाल्यावर झुरळांसाठी जेलचा उपचार आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी. आम्ही कचरा रोज रात्री बाहेर काढतो, कोरडा जिन्नस घट्ट डब्यांत ठेवतो. शनिवारी व रविवारी दिवसभर घरी आहोत, कारागीर पाठवता येईल. पुढच्या रविवारपर्यंत आपला बेत कळवावा."

दोन्ही पत्रांतला खरा फरक उत्तर येतं तेव्हा दिसतो. पहिल्याला "तुम्हीच स्वच्छता ठेवत नसाल" असं उत्तर देणं फार सोपं आहे आणि मला ते फोनवर मिळालंही. दुसऱ्यात आमच्या वाट्याचं काम आधीच लिहिलेलं होतं, शिवाय भोकाचा फोटो आणि शेजारी ठेवलेली मोजपट्टी यांच्याशी वाद घालता येत नाही. यादी तशीच्या तशी मिस्त्रीकडे पाठवता येते, हा काकांचाही फायदा. "हैराण झालो" हे मिस्त्रीला काय कळणार?

क्रमही मुद्दाम लिहिलेला आहे. आधी गळती आणि भोकं, औषध शेवटी. आणि जेल लावलं की त्याच जागी स्प्रे मारू नये. अनेक स्प्रे झुरळांना पळवून लावतात, मग ती जेल खातच नाहीत. उंदरांसाठी विषाच्या गोळ्यांऐवजी मी पिंजरे मागितले, कारण विष खाल्लेला उंदीर भिंतीत मेला तर वास कित्येक दिवस जात नाही. भोक नुसत्या फोमने बुजवलं तर उंदीर ते कुरतडतो, म्हणून जाळीचा शब्द पत्रात हवाच.

तरीही दुसरं पत्र दर वेळी लागतं असं नाही. पहिल्यांदाच झुरळं दिसली असतील, उंदराची खूण नसेल आणि घरमालक बोलण्यातले असतील, तर पहिल्या पद्धतीचा छोटा मेसेज पुरतो. दहा दिवसांच्या नोंदी तिथे ताणल्यासारख्या वाटतील. एकदा उपचार होऊनही प्रकार परत आला, किंवा उंदीर सामील झाला, की मात्र छोट्या मेसेजात वेळ घालवू नका. तेव्हा यादीचंच पत्र, तारीख घालून, आणि पोच मिळेल अशा मार्गाने. पाठवण्याआधी भाडेकराराचं दुरुस्तीचं कलम वाचून घ्या. जाळीसारखी किरकोळ कामं तुमच्याकडे टाकलेली असतील, तर तीच मागून पत्राचं वजन कमी होतं.

दुसऱ्या पत्राचीही मर्यादा आहे. आमच्या पहिल्या चार कामांपैकी तीन दोन आठवड्यांत झाली. भिंतीतलं भोक बुजलं, पण त्यामागचा पाइपांचा डक्ट सगळ्या मजल्यांना सामाईक आहे आणि तो एकट्या काकांच्या हातात नाही. मोरीच्या जाळीला एक स्मरणपत्र लागलं, दोन ओळींचं, मूळ पत्राची तारीख आणि "काम क्र. ३ बाकी" एवढंच लिहिलेलं. ती बसल्यावर ओट्याखालच्या सापळ्यात पुढच्या दहा दिवसांत दोन झुरळं आली, दोन्ही मोठी वाढलेली, पिल्लू एकही नाही.