नाइन-बॉक्स: १४ महिने वापरल्यावर

चाकणला आमचा सुटे भाग बनवायचा कारखाना आहे, मी एचआर बघते. १४ महिन्यांत नाइन-बॉक्सच्या दोन फेऱ्या झाल्या, दोन्ही वेळा ६४ जणांच्या. नाइन-बॉक्स म्हणजे कर्मचाऱ्यांना नऊ चौकटींच्या जाळीत बसवायचं: आडवी कामगिरी, उभी क्षमता, दोन्हींना कमी-मध्यम-जास्त अशा तीन पायऱ्या.

ही जाळी मुळात माणसांसाठी नव्हतीच. १९७०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने कुठल्या धंद्यात पैसा घालायचा हे ठरवायला मॅकिन्झीसोबत ती वापरली. धंद्याचं बरंचसं आकड्यांत सापडतं. माणसाची क्षमता कशात शोधायची, हे आम्ही पहिल्या फेरीत ठरवलंच नाही आणि तिथेच फसलो.

झालं असं, की बहुतेक मॅनेजरांनी कामगिरीचाच शेरा क्षमतेत पुन्हा ओढला. ६४ पैकी ४७ नावं खालच्या डाव्या कोपऱ्यातून वरच्या उजव्या कोपऱ्याकडे जाणाऱ्या तिरप्या पट्ट्यात बसली. असं दिसलं की समजावं, दुसरा अक्ष नुसता शोभेला आहे.

पट्ट्याबाहेर पडलेल्यांत क्वालिटीतली एक इंजिनिअर होती. कामगिरी जास्त, क्षमता कमी. कारण विचारलं तर तिचे सर म्हणाले, "पुढची जबाबदारी घेईल असं वाटत नाही, घरचं बघावं लागतं तिला." तिला कोणी विचारलं होतं का? नाही. बेन्सन, ली आणि शू या संशोधकांनी उत्तर अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीतल्या सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांच्या नोंदी तपासल्या, तिथेही हेच निघालं: बायकांना कामगिरीत सरासरी जास्त गुण, क्षमतेत कमी. आणि क्षमतेचे गुण सारखे असलेल्यांत पुढे बायकांचंच काम सरस ठरलं.

दुसऱ्या फेरीत आम्ही क्षमतेची व्याख्या लिहून काढली: दोन वर्षांत एक पायरी वरचं काम पेलेल का? प्रत्येक शेऱ्यामागे घडलेल्या दोन गोष्टी सांगायच्या, 'वाटतं' चालणार नाही. क्षमतेची बैठक कामगिरीच्या बैठकीनंतर आठवड्याने. जागेवर वर्षही न झालेल्यांना जाळीत घालायचंच नाही. नवख्याची कामगिरी कमी दिसणारच.

मग त्याच सरांना आठवलं, की सीनियर दोन महिने आजारी होते तेव्हा पुरवठादारांचे ऑडिट हिनेच पार पाडले होते, न सांगता. ती दोन चौकटी वर सरकली, प्लँटच्या ट्रेनिंगच्या यादीत नाव आलं. एक वर्ष मात्र वाया गेलं होतं.

हे सगळं करूनही जाळी पगारवाढीला किंवा कोणाला काढायला वापरू नये असं माझं मत आहे. कोणाला काय शिकवायचं यावर मॅनेजरांना दोन तास एकत्र बोलायला लावते, तेवढी ती कामाची.

चौकट मात्र माणसाला चिकटते. परवा बदलून आलेल्या मॅनेजरांनी पहिल्याच दिवशी मागच्या वर्षीची फाइल मागितली. मी दिली नाही. म्हटलं, सहा महिने काम बघा, मग बोलू.